हुद्दा अभियंत्याचा, जबाबदारी लाइनची: टीम, खर्च आणि अधिकार यांच्या वर्णनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण चाकण परिसरातील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातील आहे. व्यक्तीची आणि कारखान्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे परस्परांतील प्रमाण राखून फिरवले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. संबंधित अभियंत्याचा उल्लेख श्री. क. असा केला आहे. त्यांचे शिक्षण यांत्रिकी अभियांत्रिकीतील पदविकेपर्यंतचे, एकाच कारखान्यात सात वर्षे नोकरी आणि नियुक्तिपत्रावरील पदनाम ‘वरिष्ठ अभियंता, उत्पादन’.

या कारखान्यात चाकाचे हब तयार करणारी अकरा सीएनसी मशीनची एक लाइन आहे. तिचे काम पाहणारे सहायक व्यवस्थापक नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी नवी भरती करण्याचा निर्णय वरून थांबवण्यात आला. उत्पादन व्यवस्थापकांनी श्री. क. यांना बोलावून सांगितले, “माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा.” ही व्यवस्था वर्ष उलटून गेले तरी तशीच राहिली. पत्र निघाले नाही, पदनाम बदलले नाही, भत्ता मिळाला नाही. आपल्याकडच्या कारखान्यांत पहिल्यांदा व्यवस्थापनाचे काम हाती येते ते बहुतेकदा असेच, तोंडी आणि तात्पुरते म्हणून येते.

लाइनवर तिन्ही पाळ्या मिळून ३६ माणसे होती. त्यांत तीन शिफ्ट इनचार्ज, नऊ कायम ऑपरेटर, कंत्राटदाराकडून आलेले अठरा कामगार आणि आयटीआय झालेले सहा शिकाऊ उमेदवार होते. दुसऱ्या दिवशीचे नियोजन, कोणत्या मशीनवर कोण उभे राहणार, पाळ्यांची अदलाबदल, अचानक गैरहजर राहिलेल्याची जागा भरणे, सकाळच्या उत्पादन बैठकीत आकडे मांडणे आणि ग्राहकाकडून तक्रार आली तर तिचे उत्तर तयार करणे, ही सगळी कामे श्री. क. करीत होते. रजा मात्र संगणक प्रणालीत व्यवस्थापक मंजूर करीत, वार्षिक मूल्यमापनावर सही त्यांचीच असे, भरती मनुष्यबळ विभाग करी आणि कंत्राटदाराचा दर खरेदी विभाग ठरवी. खरेदीची मागणी श्री. क. नोंदवू शकत होते. पन्नास हजारांपर्यंतची मंजुरी व्यवस्थापकांकडे आणि त्यावरची कारखानाप्रमुखांकडे होती. श्री. क. यांना स्वतःच्या सहीने एक रुपयाही मंजूर करता येत नव्हता.

अडचण कुठे आली

बाहेर सहायक व्यवस्थापक पदासाठी अर्ज करायचे ठरल्यावर त्यांनी पहिला बायोडेटा केला. त्यात या काळाबद्दल एकच ओळ होती: हब लाइनच्या उत्पादनाची जबाबदारी. माणसांचा, पैशांचा उल्लेख नव्हता, कारण कागदोपत्री यांपैकी काहीच आपले नाही असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. या बायोडेटावर त्यांना बोलावणी आली ती सगळी वरिष्ठ अभियंता पदासाठीच.

मग एका माजी सहकाऱ्याच्या सल्ल्याने दुसरा बायोडेटा तयार झाला. त्यात पदनामाच्या जागी ‘सहायक व्यवस्थापक (प्रभारी)’ आले, ‘३६ जणांच्या टीमचे व्यवस्थापन’ आले आणि ‘दीड कोटी रुपयांच्या वार्षिक बजेटची जबाबदारी’ही आली. यावर एका मोठ्या कारखान्याकडून लगेच मुलाखतीचे बोलावणे आले. मुलाखत घेणारे गृहस्थ उत्पादनातूनच वर आलेले होते. त्यांनी आधी माणसांबद्दल विचारले. छत्तीसपैकी कितीजणांची रजा तुम्ही मंजूर करता, कितीजणांचे मूल्यमापन लिहिता, एखादा माणूस नको असेल तर तुम्ही काय करू शकता? तिन्ही प्रश्नांना श्री. क. यांचे उत्तर ‘व्यवस्थापक करतात’ असेच होते. नंतर प्रश्न बजेटकडे वळले. मागच्या तिमाहीत मंजूर रकमेपेक्षा प्रत्यक्ष खर्च किती कमी-जास्त झाला, असे विचारल्यावर त्यांच्याकडे आकडा नव्हता, कारण दीड कोटी ही रक्कम कोणत्याही कागदावर त्यांच्या नावापुढे कधी लिहिलेली नव्हती; त्यांनी तीन वेगवेगळ्या खर्चांची बेरीज करून ती काढली होती. मुलाखत तेथेच संपल्यासारखी झाली. पुढे त्या कारखान्याकडून काही कळवण्यात आले नाही.

या टप्प्यावर ते माझ्याकडे आले. माझ्या मते या प्रसंगातील खरे नुकसान नोकरी गेल्याचे नव्हते. श्री. क. यांनी त्या काळात खरोखर जे केले होते, ते सांगण्याची वेळच मुलाखतीत आली नाही, कारण पहिली वीस मिनिटे फुगवलेल्या आकड्यांची उकल करण्यातच गेली. आकडा मोठा असेल तर दार उघडते हे खरे आहे. पण आत गेल्यावर तोच आकडा पहिला प्रश्न ठरवतो, हे बायोडेटा लिहिताना क्वचितच लक्षात घेतले जाते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुन्हा मूळ बायोडेटाकडे जाण्याचा होता: औपचारिक अधिकार शून्य, म्हणून आकडेही शून्य. तो सुरक्षित होता, पण खराही नव्हता. ३६ माणसांचे काम रोज ठरवणारा अभियंता आणि एका मशीनचे प्रोग्राम लिहिणारा अभियंता यांच्यात जो फरक आहे तो त्या मांडणीत पूर्ण पुसला जात होता.

दुसरा पर्याय असा की, सध्याच्या कारखान्याकडून प्रभारी पदाचे पत्र आधी मिळवावे आणि मगच अर्ज करावेत. श्री. क. यांनी व्यवस्थापकांकडे विषय काढून पाहिला. भरती थांबलेली असताना असे पत्र दिले तर पदाची मागणी मान्य केल्यासारखे होईल, म्हणून मनुष्यबळ विभाग तयार होणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ही अडचण समजण्यासारखी होती आणि तिथे आणखी जोर लावण्यात अर्थ नव्हता.

तिसरा पर्याय म्हणजे प्रत्येक आकडा ठेवायचा, पण त्या आकड्याशी आपले नाते काय आहे तेही त्याच ओळीत लिहायचे. कोणाचे काम आपण ठरवत होतो, कोणाच्या कामावर मत नोंदवत होतो आणि कोणाबाबत आपल्याला काहीच ठरवता येत नव्हते, हे वेगळे करायचे. पैशांचेही तसेच. श्री. क. यांची शंका अशी होती की, अशा मर्यादा आपणच लिहिल्या तर बायोडेटा कमकुवत दिसेल. ही शंका रास्त होती आणि तिचे उत्तर लिखाणातूनच द्यावे लागणार होते, म्हणून आम्ही प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे तपासायला घेतला.

पदनामाबाबत मात्र विचार करण्यासारखे काही नव्हते. नोकरी देण्यापूर्वीच्या पार्श्वभूमी पडताळणीत पदनाम आणि नोकरीच्या तारखा आधीच्या कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाकडून तपासल्या जातात. नियुक्तिपत्र, पगारपत्रक आणि पुढे मिळणारे कार्यमुक्तिपत्र या तिन्हींवर ‘वरिष्ठ अभियंता’ असताना बायोडेटावर दुसरे काही असणे म्हणजे हाती आलेली नोकरी शेवटच्या पायरीवर घालवणे होते. त्यामुळे पदनाम जसे आहे तसे ठेवले आणि खाली ‘हब लाइनची दैनंदिन जबाबदारी, सहायक व्यवस्थापकांचे पद रिक्त झाल्यापासून’ असे जोडले.

माणसांचा आकडा

३६ हा आकडा खोटा नव्हता, पण त्यात चार वेगवेगळी नाती एकत्र झाली होती. ती सुटी करताना सर्वांत जास्त वेळ गेला.

तीन शिफ्ट इनचार्जपासून सुरुवात केली. त्यांची रोजची सूचना श्री. क. यांच्याकडून जात होती, पाळी संपताना ते हिशेब त्यांनाच देत होते, आणि मूल्यमापनाच्या वेळी व्यवस्थापकांनी श्री. क. यांच्याकडून तिघांबद्दल लेखी मत मागवले होते. सही व्यवस्थापकांची असली तरी एका इनचार्जला मिळालेली वरची श्रेणी श्री. क. यांच्या मतावर आधारलेली होती. टीमचा गाभा म्हणून सांगता येतील अशी माणसे हीच तीन होती. नवख्या माणसाला ३६ पुढे तीन हा आकडा लहान वाटतो. पण तीन पाळ्यांच्या तीन प्रमुखांकडून काम करून घेणे हे व्यवस्थापनाचे काम आहे आणि मुलाखत घेणाऱ्याला ते तसेच दिसते.

नऊ कायम ऑपरेटरांपर्यंत श्री. क. यांची सूचना शिफ्ट इनचार्जमार्फत पोहोचत होती. मशीनवाटप आणि पाळीची अदलाबदल ते करीत. रजा, बढती किंवा शिस्तभंगाची कारवाई यांत त्यांना स्थान नव्हते.

अठरा कंत्राटी कामगारांचा प्रश्न अधिक नाजूक होता. कायद्याने ते कंत्राटदाराचे नोकर असतात, त्यांचा पगार कंत्राटदार करतो आणि हजेरीही त्याच्याच नोंदवहीत असते. कंत्राटी पद्धतीवरून वाद उभा राहिला तर कामगारांवर प्रत्यक्ष देखरेख आणि नियंत्रण कोणाचे होते हा मुद्दा तपासला जातो. त्यामुळे कारखान्याच्या अभियंत्याने ‘मी अठरा कंत्राटी कामगारांचे व्यवस्थापन करतो’ असे सर्वांना दिसेल अशा ऑनलाइन प्रोफाइलवर लिहिणे हे सध्याच्या कारखान्याला अडचणीत आणू शकते, आणि लिहिणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. आम्ही ठरवले की, बायोडेटामध्ये ‘कंत्राटदारामार्फत आलेल्या १८ जणांचे मशीननिहाय कामवाटप’ एवढेच लिहायचे, जे खरे होते. आणि ऑनलाइन प्रोफाइलवर कंत्राटी कामगारांची वेगळी संख्या द्यायचीच नाही.

शिकाऊ उमेदवारांची गणना टीममध्ये करायची की नाही, यावर आमच्यात थोडा मतभेद झाला. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कलम १८ नुसार ते प्रशिक्षणार्थी असतात, कामगार नसतात. उत्पादनाच्या मनुष्यबळात त्यांना मोजले तर जाणकार मुलाखतकार लगेच विचारेल की, त्यांच्याकडून तुम्ही पूर्ण उत्पादन घेत होता का. श्री. क. यांनी या सहाजणांना मोजमापाची उपकरणे वापरायला आणि ऑफसेट कसा द्यायचा ते शिकवले होते. म्हणून त्यांना टीमच्या आकड्यातून काढून प्रशिक्षणाच्या ओळीत घेतले. तिथे तो आकडा अधिक शोभला आणि त्यावर प्रश्न आला तर सांगण्यासारखेही काही होते.

ऑनलाइन अर्जात एक वेगळीच अडचण येते. तिथे ‘थेट रिपोर्टिंग किती’ असा रकाना असतो आणि त्यात फक्त आकडा भरता येतो; स्पष्टीकरणाला जागा नसते. शून्य लिहिले तर अर्ज चाळणीतच मागे पडण्याची शक्यता, छत्तीस लिहिले तर पुन्हा तीच मुलाखत. आम्ही तीन हा आकडा निवडला आणि सोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिले की, हे तीन शिफ्ट इनचार्ज रोजच्या कामासाठी माझ्याकडे रिपोर्ट करतात, औपचारिक मूल्यमापन उत्पादन व्यवस्थापक माझे लेखी मत घेऊन करतात. ज्या अर्जात ‘औपचारिक मूल्यमापनाचा अधिकार असलेली माणसे’ असा नेमका प्रश्न होता, तिथे शून्यच भरले. रकाना जे विचारतो त्याचेच उत्तर द्यावे, आपल्याला सोयीचे असेल त्याचे नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

खर्चाचा आकडा

दीड कोटींची बेरीज उलगडली तेव्हा तीन खर्च हाती आले. वर्षाला सुमारे ७३ लाख रुपये कटिंग टूलवर, सुमारे ४७ लाख कंत्राटदाराच्या बिलावर आणि सुमारे २६ लाख कूलंट, तेल आणि मशीनच्या सुट्या भागांवर. यांतील प्रत्येकाला आम्ही चार प्रश्न लावले: अंदाज कोणी केला, मागणी कोणी नोंदवली, मंजुरी कोणी दिली आणि महिनाअखेर फरक पडला तर उत्तर कोणाला द्यावे लागले. कंत्राटदाराच्या बिलात दर खरेदी विभागाचा, मंजुरी मनुष्यबळ विभागाची, श्री. क. फक्त किती माणसे लागतील ते कळवत. सुट्या भागांचा खर्च देखभाल विभागाच्या खात्यावर पडत होता. म्हणून हे दोन्ही खर्च बाजूला ठेवले.

टूलच्या खर्चाची गोष्ट वेगळी होती. त्याचा अंदाजपत्रकी दर कॉस्टिंग विभागाने ठरवला होता, एका हबमागे ३२ रुपये. मागणी श्री. क. नोंदवत, मंजुरी व्यवस्थापक देत, आणि महिनाअखेरच्या आढावा बैठकीत दर का वाढला याचे उत्तर श्री. क. यांनाच उभे राहून द्यावे लागत होते. चार प्रश्नांपैकी दोहोंचे उत्तर त्यांचे नाव होते. मंजुरीचा अधिकार नसतानाही फरकाचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याला तो खर्च आपल्या कक्षेत आहे असे म्हणण्याचा हक्क आहे, असे मला वाटते; अट एवढीच की मंजुरी कोणाची होती हे त्याने त्याच वाक्यात सांगावे.

शिवाय या खर्चाला एक इतिहास होता, आणि मुलाखत घेणाऱ्याला रस असतो तो त्यातच. लाइन हाती आली तेव्हा प्रत्यक्ष दर ३४ रुपये होता. महिन्याला १८,००० हब म्हणजे टूलवर ६ लाख १२ हजार रुपये, अंदाजापेक्षा ३६ हजारांनी जास्त. श्री. क. यांनी टाकून दिलेल्या इन्सर्टचा, म्हणजे कटिंग टूलवर बसवायच्या धारदार तुकड्यांचा, डबा उलटा करून पाहिला. टर्निंगसाठी वापरल्या जाणाऱ्या सीएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला दोन्ही बाजू मिळून चार धारा असतात. डब्यातल्या अनेक इन्सर्टच्या एक-दोनच धारा वापरलेल्या होत्या. ऑपरेटर पाळीच्या घाईत इन्सर्ट फिरवून बसवण्याऐवजी नवे घेत होते, कारण स्टोअरमधून नवे मिळवायला काहीच दाखवावे लागत नव्हते. त्यांनी जुने दाखवून नवे घेण्याची पद्धत सुरू करायचे ठरवले. चारही धारांवर मार्करची खूण असेल तरच नवे इन्सर्ट मिळेल, धार तुटली असेल तर तुटलेले इन्सर्ट दाखवून इनचार्जची सही घ्यायची. पुढे काही महिन्यांत दर साडेएकोणतीस रुपयांवर आला. महिन्याचा खर्च ५ लाख ३१ हजार, म्हणजे सुरुवातीपेक्षा ८१ हजारांनी आणि अंदाजपत्रकी दरापेक्षा ४५ हजारांनी कमी.

दुसऱ्या बायोडेटात दीड कोटींच्या शेजारी यातले अक्षरही नव्हते.

अधिकाराबाहेरचे काम

इथे एक बाब अशी निघाली की, ती श्री. क. यांनी स्वतःहून सांगितलीच नसती. इन्सर्टची नवी पद्धत चालू करण्यासाठी ज्या दोन ठिकाणी बदल करावा लागला, त्यांपैकी एकही त्यांच्या अखत्यारीत नव्हते. स्टोअर साहित्य विभागाकडे होते आणि टूल सेटर टूल रूमकडे. सुरुवातीला स्टोअरने नकार दिला, कारण जुने इन्सर्ट तपासत बसले तर पाळी बदलताना खिडकीवर रांग लागेल. श्री. क. यांनी तपासणी खिडकीवर न ठेवता लाइनवरच इनचार्जकडे ठेवली आणि स्टोअरने फक्त सही पाहावी असे ठरवले. टूल रूमला त्यांनी वेगळे कारण दिले: वापरलेल्या धारांची नोंद मिळाली तर कोणत्या मशीनवर धार लवकर जाते हे त्यांना कळेल. दोन्ही विभागांचा फायदा त्यांच्याच कामातून दाखवल्यामुळे दोन्ही विभाग तयार झाले.

नेतृत्वाची व्याप्ती विचारली जाते तेव्हा नवखी माणसे पुन्हा माणसांचा आकडा सांगतात. श्री. क. यांच्या बाबतीत व्याप्ती दिसते ती या ठिकाणी. शिवाय आम्ही त्यांच्याकडून एक पान लिहून घेतले, जे बायोडेटासोबत द्यायचे नव्हते, फक्त मुलाखतीच्या तयारीसाठी होते. कोणते निर्णय ते कोणालाही न विचारता घेत होते, कोणते घेऊन नंतर कळवत होते आणि कोणत्यांसाठी आधी विचारावे लागत होते, असे तीन भाग त्यात होते. पहिल्या भागात मशीनवाटप आणि पाळीतील बदल आले. दुसऱ्यात मोजमाप हुकू लागले तर मशीन थांबवणे आणि संशयित माल बाजूला काढणे. तिसऱ्यात जादा पाळी लावणे, मशीन दोन तासांपेक्षा जास्त बंद ठेवणे आणि ग्राहकाला पाठवण्याच्या तारखेत बदल. हे पान लिहिल्यावर त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आले की, कागदावर शून्य दिसणारा अधिकार प्रत्यक्षात शून्य नव्हता. रात्री दोन वाजता उत्पादन थांबवण्याचा निर्णय ते घेत होते.

तिसरा बायोडेटा इंग्रजीत होता. त्यातील मुख्य मजकुराचा आशय असा:

“वरिष्ठ अभियंता, उत्पादन. सहायक व्यवस्थापकांचे पद रिक्त झाल्यापासून अकरा सीएनसी मशीनच्या हब लाइनची दैनंदिन जबाबदारी. उत्पादन व्यवस्थापकांना रिपोर्टिंग.
तीन शिफ्ट इनचार्जना रोजचे मार्गदर्शन आणि त्यांच्या मूल्यमापनासाठी लेखी मत. त्यांच्यामार्फत नऊ कायम ऑपरेटर आणि कंत्राटदारामार्फत आलेल्या १८ जणांचे मशीननिहाय कामवाटप. सहा शिकाऊ उमेदवारांचे लाइनवरील प्रशिक्षण.
वर्षाला सुमारे ७३ लाख रुपयांच्या कटिंग टूल खर्चाची मागणी आणि मासिक फरकाचे उत्तरदायित्व (मंजुरी उत्पादन व्यवस्थापकांची). स्टोअर आणि टूल रूम यांच्यासह इन्सर्ट वापराची नवी पद्धत लागू करून हबमागील टूल खर्च ३४ रुपयांवरून २९.५० रुपयांवर.”

७३ लाख ही रक्कम सुरुवातीच्या दराची आहे, हे मुलाखतीत सांगायचे असेही ठरवून ठेवले, कारण नव्या दराने ती सुमारे ६४ लाख होते आणि हिशेबी माणूस ते तोंडी करून पाहतो.

परिणाम

या बायोडेटावर मोठ्या कारखान्यांकडून बोलावणी दुसऱ्यापेक्षा कमी आली. हे इथे स्पष्टपणे नोंदवायला हवे. पण रांजणगाव भागातील एका मध्यम कारखान्याने सहायक व्यवस्थापक पदासाठी बोलावले आणि तिथे पहिलाच प्रश्न इन्सर्टच्या पद्धतीवर आला. ऑपरेटरांनी विरोध केला का, एखाद्याने खोटी खूण केली तर काय केले, असे प्रश्न पुढे आले. श्री. क. यांनी सांगितले की, दोन ऑपरेटरांनी न वापरलेल्या धारांवरही खुणा केल्या होत्या. कारवाईचा अधिकार नसल्यामुळे त्यांनी तक्रार वर न नेता इनचार्जना पाळीच्या शेवटी काही इन्सर्ट भिंगाखाली पाहायला सांगितले आणि त्यानंतर तो प्रकार थांबला.

मग कारखानाप्रमुखांनी विचारले, “रात्रपाळीत मशीन थांबवायचं कोण ठरवत होतं?” श्री. क. यांचे उत्तर होते, “इनचार्ज मला फोन करत, थांबवायचं मी सांगत असे. दोन तासांच्या वर जाणार असेल तर साहेबांना उठवत होतो.” त्यांना नोकरी देताना हेच उत्तर महत्त्वाचे ठरले, असे पुढे कारखानाप्रमुखांनी त्यांना सांगितले.

मिळालेल्या पदाची आखणीही लक्ष देण्याजोगी होती. सहा महिने परिवीक्षा, चार माणसांचे औपचारिक मूल्यमापन, रजा मंजुरीचा अधिकार आणि २५ हजारांपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने. ज्या गोष्टी त्यांनी पूर्वी केल्या नव्हत्या असे स्वतः सांगितले होते, नेमक्या त्याच गोष्टी मर्यादित प्रमाणात त्यांच्याकडे सोपवल्या गेल्या. दुसऱ्या बायोडेटावर नोकरी मिळाली असती, तर पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून पूर्ण अधिकाराच्या सवयीची अपेक्षा झाली असती.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, ‘तुम्ही बघा’ असे सांगितले गेले त्याच आठवड्यात श्री. क. यांनी व्यवस्थापकांना एक साधा ई-मेल करायला हवा होता: आजपासून हब लाइनचे नियोजन, पाळीवाटप आणि टूल खर्चाचा आढावा मी पाहीन, रजा आणि खरेदीची मंजुरी आपल्याकडेच राहील, यात काही बदल असल्यास कळवावे. व्यवस्थापकांनी ‘ठीक आहे’ एवढे उत्तर दिले असते तरी पुरे होते. पदोन्नतीचे पत्र देण्यात मनुष्यबळ विभागाला जी अडचण होती ती या ई-मेलला लागू होत नव्हती, कारण त्यात कोणतेही पद मागितलेले नव्हते. नंतर बायोडेटा लिहिताना जबाबदारी केव्हापासूनची आणि कशाची, यावर अंदाज करावा लागला नसता.

आकड्यांबाबतही तयारी कमी पडली. मासिक आढाव्याचे तक्ते कारखान्याचे असतात. ते घरी आणणे किंवा मुलाखतीत दाखवणे चुकीचे आहे आणि समोरचा जाणता असेल तर त्याचे मतही वाईट होते. पण दर महिन्याला सुरुवातीचा दर, शेवटचा दर आणि मधला बदल कशामुळे झाला, एवढे स्वतःच्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवता आले असते. श्री. क. यांना हे सारे आठवून काढावे लागले आणि दोन महिन्यांचे आकडे त्यांनी सोडूनच दिले, कारण त्यांची खात्री नव्हती. सोडले ते बरोबरच केले.

संदर्भासाठी कोणाचे नाव द्यायचे, हा निर्णय मात्र मला आजही पूर्ण समाधानकारक वाटत नाही. या काळातील काम पाहिलेले एकमेव वरिष्ठ म्हणजे सध्याचे व्यवस्थापक, आणि त्यांचे नाव दिले तर नोकरी शोधत असल्याचे उघड होणार. आधीच्या सहायक व्यवस्थापकांचे नाव देणे सोपे होते, पण त्यांनी हा काळ पाहिलेला नव्हता. आम्ही माजी वरिष्ठांचे नाव दिले आणि सध्याच्या व्यवस्थापकांशी नियुक्तीचा प्रस्ताव हाती आल्यावर बोलावे, अशी विनंती केली. नव्या कारखान्याने ती मान्य केली आणि पडताळणीत व्यवस्थापकांनी तिन्ही बाबी बायोडेटात होत्या तशाच सांगितल्या: इनचार्ज तीन, टूल खर्चाची मागणी त्यांची, मंजुरी माझी. प्रत्येक कारखाना अशी विनंती मान्य करीलच असे नाही. ज्यांना ती नाकारली जाईल त्यांनी त्या काळात सोबत काम केलेल्या पण अन्य विभागातील समकक्षाचे नाव द्यावे, असे मी सुचवीन, श्री. क. यांच्या बाबतीत स्टोअरचे प्रमुख त्यासाठी योग्य ठरले असते, कारण आपल्या विभागावर अधिकार नसलेल्या माणसाने पद्धत कशी बदलली हे त्यांनीच जवळून पाहिले होते.